एआयने बनवलेल्या प्रॉडक्ट फोटोंना दुरुस्तीचे राउंड का लागतात, हे क्लायंटला मेलमध्ये कसं सांगावं

"एआय टूलच्या काही मर्यादांमुळे इमेजेसमध्ये फरक पडू शकतो. त्यामुळे दोन-तीन रिव्हिजन लागतील. कृपया सहकार्य करावे."

हा मेल मी स्वतः पाठवलेला आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं: "म्हणजे पैसे वाढणार का?"

प्रश्न रास्त होता. कोणत्या फोटोत काय बिघडलंय, ते कोण कधी नीट करणार, समोरच्याने काय करायचं आणि हे सगळं कधी संपणार, यातलं काहीच माझ्या मेलमध्ये नव्हतं. होतं ते फक्त एक सबबीसारखं वाक्य. तेव्हापासून हा मेल मी ठरावीक क्रमानेच लिहितो. तो क्रम इथे एका कामाच्या आधारे देतोय. काम होतं घरगुती कांदा-लसूण मसाल्याच्या २५० ग्रॅमच्या काचेच्या बरणीचं. सहा फोटो हवे होते, एक ऑनलाइन दुकानासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि पाच स्वयंपाकघरातल्या मांडणीचे. मसाला करणाऱ्या ताई स्वतःच सगळं बघायच्या आणि बऱ्याचदा फोनवरूनच बघायच्या.

हा मेल पहिल्या ड्राफ्टसोबतच जायला हवा. त्याआधी पाठवलात तर समोर चित्रच नसतं, त्यामुळे तुम्ही कशाबद्दल बोलताय ते कळत नाही. तक्रार आल्यावर पाठवलात तर खरं कारणही बहाण्यासारखं वाटतं. किती राउंड मिळणार हा आकडा मात्र कोटेशनमध्ये आधीच असला पाहिजे. या मेलचं काम त्या आकड्यामागचं कारण सांगणं एवढंच आहे.

## टप्पा १: मेल उघडण्याआधी बरणी टेबलावर ठेवा

खरी वस्तू हातात नसताना हा मेल लिहू नका. फोटोवरून फोटो तपासायला गेलात तर निम्म्या चुका नजरेतून सुटतात.

बरणी मागवून घ्या आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, चारही बाजूंनी आणि वरून तिचे साधे फोटो काढा. मग एका कागदावर न बदलणाऱ्या गोष्टी लिहा. या बरणीसाठी आमच्या कागदावर पाच ओळी होत्या. उंची साडेतेरा सेंटीमीटर. झाकण ६३ मिलिमीटरचं, पत्र्याचं, मंद सोनेरी, कडेला बारीक खाचा. लेबल छापखान्याच्या फाइलमधलं जसंच्या तसं. मसाला गडद विटकरी, दमट, बारीक गुठळ्यांचा, काचेला किंचित तेलकट चिकटलेला. आणि पुढच्या बाजूला हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका.

हा कागद ताईंना दाखवून "बरोबर आहे ना?" एवढं विचारून घ्या. पुढे "हे आमच्या बरणीसारखं वाटत नाही" असं कुणी म्हणालं, तर दोघांनाही बोट ठेवायला एक जागा असते. हा कागद नसेल तर प्रत्येक राउंड आवडीनिवडीवर घसरतो.

तपासा: लेबलची पीडीएफ छापखान्याकडून आली आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लेबलचा फोटो चालत नाही. काचेच्या गोलाईवर तो बसवला की अक्षरांच्या कडा फुटतात.

## टप्पा २: एकच ड्राफ्ट निवडा आणि त्यावर खुणा करा

सहाच्या सहा ड्राफ्टमधल्या चुकांची यादी पाठवायचा मोह होतो. ती पाठवलीत की क्लायंटच्या मनात एकच गोष्ट बसते, की काहीच जमलेलं नाही. त्यापेक्षा ज्यात सर्वांत जास्त प्रकारच्या चुका आहेत असा एक फोटो घ्या आणि त्यावर तीन किंवा चार आकडे टाका. लाल गोल, आत आकडा, बस.

आम्ही भाकरी-पिठल्याच्या ताटाशेजारी ठेवलेल्या बरणीचा फोटो घेतला. त्यात हे दिसत होतं.

पहिली खूण लेबलवर. लांबून "कांदा-लसूण मसाला" असंच वाटायचं. जवळून पाहिलं तर "लसूण"मधल्या ण चा एक दांडाच गायब होता, शिरोरेखा मध्येच तुटली होती आणि खाली एफएसएसएआय परवान्याच्या जागी आकड्यांसारख्या दिसणाऱ्या अकरा आकृत्या होत्या. खरा परवाना क्रमांक १४ अंकी असतो. चित्र बनवणारं टूल बऱ्याचदा अक्षर वाचून लिहीत नाही, अक्षराचा आकार तेवढा अंदाजाने काढतं. देवनागरीत तर मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे ही गफलत रोमन लिपीपेक्षा जास्त होते.

दुसरी खूण मसाल्यावर. खरा मसाला गडद आणि गुठळ्यांचा, चित्रातला भडक लाल आणि मैद्यासारखा बारीक. म्हणजे सरळ मिरची पूड. टूलने "मसाल्याची बरणी" म्हटल्यावर जे सर्वाधिक दिसतं तेच काढलं.

तिसरी खूण भाकरीवर, आणि ही चूक फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्याही लक्षात आली नव्हती. ताटातली भाकरी बरणीच्या उंचीपेक्षा लहान दिसत होती. आपल्याकडची भाकरी वीतभर तरी रुंद असते, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटरच्या बरणीपेक्षा नक्कीच मोठी. भाकरी पुरीएवढी झाली की बरणी आपोआप किलोभराची वाटते. असा फोटो बघून कुणी मागवलं आणि हातात पाव किलोची बरणी आली, तर ते फसवणूक झाल्यासारखंच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचं चुकीचं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली जाते. पण कायद्यापर्यंत जायची गरजच पडत नाही, त्याआधी माल परत येतो.

चौथी खूण झाकणावर. डाव्या कडेला झाकण काचेत वितळल्यासारखं झालं होतं.

सावध: खूण करताना "चूक" किंवा "एरर" लिहू नका. फक्त आकडा टाका, स्पष्टीकरण मेलमध्ये द्या. लाल अक्षरांत "चूक" लिहिलेला फोटो क्लायंटच्या घरात चार जणांना पाठवला जातो आणि मेल कुणीच वाचत नाही.

## टप्पा ३: राउंडचा क्रम आधी स्वतःपुरता ठरवा

बहुतेक जण इथे चुकतात. राउंड तीन आहेत एवढंच सांगतात, पण कोणत्या राउंडमध्ये काय बघायचं ते सांगत नाहीत. मग क्लायंट पहिल्याच राउंडमध्ये लेबलच्या रंगावर बोलतात आणि शेवटच्या राउंडमध्ये म्हणतात, "ताट डावीकडे घेता येईल का?"

ताट डावीकडे घेणं ही किरकोळ गोष्ट का नाही, ते आधी आपल्याला नीट कळलं पाहिजे. कॅमेऱ्याच्या शूटमध्ये ताट उचलून डावीकडे ठेवता येतं, बरणी जागची हलत नाही. इथे ताट आणि बरणी अशा दोन वेगळ्या वस्तूच नसतात. टूल नुसत्या ठिपक्यांच्या धुरकट गोंधळापासून सुरुवात करतं आणि सगळी चौकट एकाच वेळी हळूहळू स्पष्ट करत नेतं. नव्याने काढायला सांगितलं की ताटासोबत बरणी, सावली, उजेड, सगळंच थोडंथोडं नवीन येतं. आधीच्या राउंडमध्ये नीट केलेलं झाकणही त्यात जातं.

"मग फक्त तेवढाच भाग बदला ना" असं कुणी म्हणेल. तेही करता येतं, चित्राचा एक भाग झाकून तेवढाच नव्याने काढता येतो. आम्ही एकदा ताटातली वाटी अशी काढून टाकली. वाटी गेली, पण बरणीच्या काचेत तिचं प्रतिबिंब तसंच राहिलं आणि टेबलावर तिची सावलीही राहिली. ती दोन्ही पुसायला वाटी काढण्याच्या दुप्पट वेळ गेला.

म्हणून क्रम मोठ्याकडून लहानाकडे:

राउंड १, मांडणी. वस्तू कुठे, कोन कोणता, शेजारी काय, उजेड कुठून, आकारांचं प्रमाण. या राउंडमध्ये लेबल मुद्दाम कोरं ठेवा. मी पूर्वी टूलने काढलेलं वेडंवाकडं लेबल तसंच ठेवून पाठवायचो आणि वर लिहायचो, "लेबलकडे लक्ष देऊ नका." असं लिहिलं की माणूस नेमकं तिकडेच बघतो. या ड्राफ्टमध्ये एका नमुना फोटोवरच लेबल ठेवा, बाकी पाचांवर कोरा कागद.

राउंड २, वस्तू. मांडणी पक्की झाल्यावर खरं लेबल छापखान्याच्या फाइलमधून हाताने बसवायचं, झाकण आणि मसाला टप्पा १ च्या कागदाशी ताडायचे. लेबल टूलकडून काढून घ्यायचंच नाही, कितीही नवं टूल असलं तरी. नाव बरोबर येईल, पण परवान्याचा एक आकडा बदललेला कुणाच्या लक्षात येणार? शिवाय गोल बरणीवर समोरून लेबलचा काहीच भाग दिसतो. जे मागच्या बाजूला छापलेलं आहे ते पुढे दिसलं तर तेही चूकच.

राउंड ३, रंग आणि आकार. रंगछटा, कडा, फाइलचा आकार. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटो म्हणून जाणार असेल तर पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे `RGB 255, 255, 255` लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरलेला लागतो आणि शेजारी भाकरी वगैरे चालत नाही. फोटो मोठा करण्याचं कामही इथेच, कारण मोठा करताना टूल बारीक पोत स्वतःच्या मनाने भरतं आणि मसाल्याच्या गुठळ्या पुन्हा पूड होऊ शकतात.

तपासा: प्रत्येक राउंडसमोर "यात काय बदलता येतं" आणि "यानंतर काय बदलणार नाही" हे एकेका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर राउंड अजून ठरलेला नाही, मेल लिहायला बसू नका.

## टप्पा ४: कारण चार वाक्यांत बसवा

वरचं सगळं तुम्हाला माहीत असावं, मेलमध्ये नसावं. डिफ्यूजन, सीड, प्रॉम्प्ट हे शब्द मेलमध्ये आले की वाचणाऱ्याला दोन गोष्टी वाटतात, एक तर तुम्ही लपवाछपवी करताय, नाहीतर हे काम टूलच करतं आणि तुम्ही नुसते बटण दाबताय.

क्लायंटच्या ओळखीचं उदाहरण घ्या. मसाल्याच्या ताईंना मी असं लिहिलं: "हे टूल तुमची बरणी बघून फोटो काढत नाही, बरणी कशी असते याचा अंदाज करून चित्र काढतं. अंदाजात तुमचा मसाला आणि बाजारातली मिरची पूड एकच होतात. ते वेगळे करणं हे आमचं हाताचं काम आहे. आणि चित्रातली एखादी मोठी वस्तू हलवली की सगळं चित्र नव्याने निघतं, म्हणून आधी मांडणी ठरवून मग बरणीवर काम करायचं." एवढं पुरतं. कपडे विकणाऱ्याला हेच काठाच्या बुट्ट्यांवरून सांगा, फर्निचरवाल्याला टेबलाच्या पायांवरून.

दोन वाक्यं मात्र टाळा. "एआयने चूक केली" हे एक, कारण टूल तुम्ही निवडलंय, काम तुम्ही घेतलंय. "तंत्रज्ञान अजून विकसित होतंय" हे दुसरं. त्यावर कोणीही विचारेल, मग ते झाल्यावर या.

## टप्पा ५: मेल लिहा

हा मेल जसा गेला तसा देतोय. तारखा आणि रक्कम तुमच्या कामाप्रमाणे घाला.

> विषय: कांदा-लसूण मसाला फोटो: पहिले ६ ड्राफ्ट, तुमचं उत्तर १० तारखेपर्यंत हवं
>
> नमस्कार ताई,
>
> सहाही फोटोंचे पहिले ड्राफ्ट खालच्या लिंकवर ठेवले आहेत. हे अंतिम फोटो नाहीत. यातून आपल्याला आत्ता फक्त मांडणी ठरवायची आहे. पाच फोटोंत लेबल मुद्दाम कोरं ठेवलं आहे.
>
> फोटो क्रमांक ३ वर मी चार खुणा केल्या आहेत. तो एवढ्यासाठी जोडतोय, की पुढचे राउंड कशासाठी आहेत ते डोळ्यांनी दिसावं.
>
> १. लेबलवरची अक्षरं आणि परवाना क्रमांक टूलने अंदाजाने काढले आहेत, ते चुकीचे आहेत. तुमच्या छापखान्याच्या फाइलमधलं खरं लेबल आम्ही हाताने बसवणार आहोत.
> २. मसाला मिरची पुडीसारखा दिसतो. तुमचा मसाला गडद आणि गुठळ्यांचा आहे, तसा करायचा आहे.
> ३. भाकरी लहान आली आहे, त्यामुळे बरणी किलोची वाटते. हे याच राउंडमध्ये सुधारतो.
> ४. झाकणाची डावी कड नीट नाही.
>
> असं होतं कारण हे टूल तुमची बरणी बघून फोटो काढत नाही, बरणी कशी असते याचा अंदाज करून चित्र काढतं. अंदाजात तुमचा मसाला आणि बाजारातली मिरची पूड एकच होतात. ते वेगळे करणं हे आमचं हाताचं काम आहे. आणि चित्रातली एखादी मोठी वस्तू हलवली की सगळं चित्र नव्याने निघतं, म्हणून आधी मांडणी ठरवून मग बरणीवर काम करायचं.
>
> त्यामुळे कोटेशनमधले तीन राउंड असे होतील:
>
> राउंड १, मांडणी: तुमचं उत्तर १० तारखेपर्यंत, आमच्याकडून सुधारित फोटो १३ ला.
> राउंड २, बरणी, लेबल आणि मसाला: तुमचं उत्तर १५ पर्यंत, आमच्याकडून १८ ला.
> राउंड ३, रंग आणि फाइलचा आकार: तुमचं उत्तर २० पर्यंत, अंतिम फाइल २२ ला.
>
> या तिन्ही राउंडचे पैसे ठरलेल्या रकमेतच आहेत. आमच्याकडून राहिलेली चूक, म्हणजे तुम्ही मंजूर केलेल्या पाच मुद्द्यांच्या कागदाशी न जुळणारी कोणतीही गोष्ट, कधीही सापडली तरी आम्ही पैसे न घेता सुधारू. मांडणी मंजूर झाल्यानंतर ती बदलायची झाली तर तो फोटो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, त्याचे कोटेशनप्रमाणे प्रत्येक फोटोला ₹४५० होतील.
>
> तुमच्याकडून आत्ता दोन गोष्टी हव्या आहेत:
>
> अ) प्रत्येक फोटोसमोर "चालेल" किंवा "हे बदला" एवढं लिहून पाठवा. घरातल्या सगळ्यांचं मत घेऊन एकदाच पाठवलंत तर बरं.
> आ) लेबलची छापखान्याची पीडीएफ.
>
> फोटो ५ मध्ये पिठल्याऐवजी मटकीची उसळ हवी का, हे तुम्ही फोनवर म्हणाला होतात. ठरलं असेल तर याच उत्तरात कळवा, हे मांडणीत येतं.
>
> धन्यवाद.

या मेलमध्ये कुठे काय आहे ते बघा. विषयातच तारीख आहे, म्हणजे मेल न उघडताही कामाची गोष्ट कळते. "हे अंतिम फोटो नाहीत" हे तिसऱ्याच ओळीच्या आत आहे. कारण मधोमध आहे, खुणांच्या नंतर. आधी डोळ्यांना दिसलं, मग का ते कळलं, असा क्रम. उलटा केलात तर कारण हवेत राहतं.

पैशांचा परिच्छेद लिहिताना माझे हात अजूनही अडखळतात, पण तो असलाच पाहिजे. त्यातला महत्त्वाचा भाग रकमेचा नाही. "चूक" आणि "बदल" हे दोन शब्द वेगळे केलेत, तो महत्त्वाचा. परवाना क्रमांकातला आकडा चुकला तर ती आमची चूक, दहाव्यांदा सापडली तरी फुकट. पिठल्याची उसळ करायची झाली तर तो बदल. ही रेघ पहिल्याच मेलमध्ये ओढलीत तर तिसऱ्या राउंडला कटुता येत नाही.

शेवटी एक खरा, छोटा प्रश्न आहे, ज्याचं उत्तर दिल्याशिवाय क्लायंटलाही चैन पडणार नाही. "काही शंका असल्यास कळवा" यावर कुणी कधी उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

सावध: "हा शेवटचा राउंड असेल" असं कुठेही लिहू नका. तारीख लिहा. तारीख हुकली तर कुणामुळे हुकली ते मेलमध्येच दिसतं.

## टप्पा ६: पाठवण्याआधीची तयारी

फोटो लिंकवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच झाले तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेले की ते दाबून लहान होतात, आणि मग "मसाला पुसट दिसतोय" अशी दुरुस्ती येते जी मुळात फाइलमध्ये नसतेच.

फाइलची नावं अशी ठेवा की नावावरूनच राउंड कळेल:

```
masala250_03_R1.jpg
masala250_03_R2.jpg
```

`final`, `final2`, `final_new` ही नावं टाळा. एकदा `final2` मंजूर झालं आणि दुकानावर `final` चढलं, हे माझ्याकडेच झालंय. त्या फोटोत झाकण वितळलेलंच होतं.

रंगाच्या राउंडला मेलमध्ये एक ओळ जास्तीची घाला: फोनचा डोळ्यांना त्रास न होण्यासाठीचा पिवळसर मोड बंद करून, बरणी हातात घेऊन, दिवसा खिडकीजवळ बघा. हे न सांगता पाठवलेल्या एका फोटोला रात्री अकरा वाजता "फार पिवळं वाटतंय" असं उत्तर आलं होतं. आम्ही निळसर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो "थंड" वाटायला लागला, आणि एक राउंड फोनच्या सेटिंगपायी गेला.

तपासा: मेल स्वतःलाच पाठवून फोनवर उघडा. खुणा केलेला फोटो न वाढवता चारही आकडे दिसतात का? दोन्ही मागण्या एका स्क्रीनवर येतात का?

## टप्पा ७: उत्तर आल्यावर

उत्तर तुम्ही मागितलं तसं येणार नाही. ताईंचं उत्तर तीन व्हॉइस मेसेज आणि मुलाने पाठवलेला एक वेगळा मेल, असं आलं. मुलाला काळी पार्श्वभूमी हवी होती, ताईंना लाकडी टेबल.

अशा वेळी लगेच काम सुरू करू नका. सगळ्या सूचना एका यादीत उतरवा, प्रत्येकीसमोर राउंडचा आकडा टाका, आणि तीच यादी परत पाठवा: "तुमच्या सूचना मला अशा समजल्या. २ आणि ५ मांडणीच्या आहेत, त्या आत्ता करतो. ४ लेबलची आहे, ती पुढच्या राउंडला. पार्श्वभूमीबद्दल दोन वेगळी मतं आली आहेत, काळी की लाकडी, एक कळवा. ते कळेपर्यंत फोटो १ आणि ६ थांबवतो, बाकी चार सुरू करतो." घरातल्या दोघांमधला निर्णय आपण घ्यायचा नाही, पण त्यासाठी सगळं कामही अडवायचं नाही.

"जरा अजून चांगलं करा", "मजा नाही आली" अशा सूचनेवर अंदाजाने नवीन चित्र काढू नका. तुमचा अंदाज आणि टूलचा अंदाज, दोन्ही मिळून भलतीकडेच जातात. त्याऐवजी दोन पर्याय समोर ठेवून विचारा: "उजेड कमी वाटतो की बरणी लहान वाटते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, बरणी लहान वाटते."

राउंड बंद करताना मंजुरी फाइलच्या नावासकट लेखी घ्या. फोनवर "छान झालंय" म्हणाले तर फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका: "आत्ताच्या बोलण्याप्रमाणे `masala250_01_R1` ते `masala250_06_R1` यांची मांडणी मंजूर धरतो आणि आज लेबल बसवायला घेतो. काही वेगळं असेल तर संध्याकाळी सहापर्यंत सांगा." ताईंचं उत्तर पावणेसहाला आलं. सगळं मंजूर होतं, फक्त फोटो ५ मध्ये मटकीची उसळ हवी होती, पिठलं नको.